अकरा दोऱ्यांची मोट

मला एका जागी बसता येत नाही. आता म्हातारपणी गुडघे दुखतात तरी जेवताना मी दोनदा उठतो, बायको ओरडते. तरुणपणी तर पायाला भिंगरीच होती. हा स्वभाव आधी सांगून ठेवतो, कारण पुढचं सगळं त्यातूनच झालं.

जर्मनीची लढाई चालू होती. निजामाचं राज्य होतं आणि नळदुर्गला आमचा बिड्यांचा कारखाना होता. कारखाना म्हणजे पत्र्याचं एक लांब छप्पर, त्याखाली मांडीवर सूप घेऊन बसलेल्या चाळीसेक बाया, मागं भट्टी आणि तंबाखूच्या पोत्यांची खोली. मालक माझे थोरले भाऊ. त्यांना सगळं गाव अण्णा म्हणायचं, मीही अण्णाच म्हणायचो. वडील लवकर गेले, त्यामुळं ते मला भावापेक्षा जास्त होते. मी त्यांच्याहून चौदा वर्षांनी धाकटा.

आमच्या बिडीचं नाव मोट छाप. लेबलावर विहीर, मोट ओढणारी बैलजोडी आणि नाड्यावर बसलेला शेतकरी. खाली मराठी, उर्दू आणि कानडी अशा तिन्ही लिप्यांत नाव. पण लेबल वाचणारा शंभरात एखादा. आमच्या भागात बिड्या बंडलानं कमी आणि सुट्या जास्त खपायच्या. बाजाराला आलेला माणूस दोन बिड्या घ्यायचा, त्यावर लेबल कुठलं? त्याला कळायचा तो दोरा. आमच्या बिडीला तांबडा दोरा. तांबडा दोरा बघितला की मोट, इतकं साधं होतं ते.

अण्णा बिडी ओढत नसत. गळ्यात लिंग, सकाळची पूजा झाल्याशिवाय पाणी नाही, असा माणूस. लोक हसायचे, की स्वतः न ओढणारा बिड्या कशा करतो. ते म्हणायचे, "माजी जीभ घरात हाय की." जीभ म्हणजे मी. सोळाव्या वर्षापासून तंबाखूचं प्रत्येक पोतं, प्रत्येक भट्टीची पहिली बिडी मी ओढून बघायचो आणि सांगायचो, बरोबर आहे की नाही. तंबाखू मिसळायचं काम एका म्हाताऱ्या मुसलमान बाईकडं होतं. तिला आम्ही खाला म्हणायचो. निपाणीकडचा कडक तंबाखू दोन वाटे, इकडचा हलका एक वाटा, त्यावर पाण्याचा हबका, ओल्या गोणपाटाखाली रात्रभर दम, मग उलटापालट. एवढंच. पण ते हाताचं काम होतं आणि हात तिचा होता.

मला हे सगळं बसून बसून कंटाळवाणं झालं होतं. एकच छाप, एकच दोरा, रोज तेच. मी बाजार हिंडायचो, जळकोट, अणदूर, तुळजापूर, आणि प्रत्येक दुकानदार काहीतरी सांगायचा. एक म्हणाला, म्हाताऱ्यांना जरा थंड बिडी पाहिजे. आम्ही हिरव्या दोऱ्याची मोट काढली. तुळजापूरच्या दुकानदारानं सांगितलं, देवीला येणारी परगावची माणसं चमकदार लेबल बघतात. शाही मोट निघाली, सोनेरी कडांची. एकानं म्हटलं, शेजारच्या दुकानात आहे तीच माझ्याकडं नको, काहीतरी वेगळं द्या. मग त्याच्यासाठी पांढरा दोरा. लांब बिडी ती जोड मोट, आखूड ती धाकटी मोट. रानात कामात असताना चार झुरके मारायला धाकटी बरी पडायची. लवंगी मोट मात्र माझी स्वतःची. लवंगेचं पाणी शिंपडून केलेली. मोटारीवर काम करणारी तरुण पोरं ती घ्यायची आणि मला वाटायचं, अण्णांच्या कारखान्यात एक तरी गोष्ट माझ्या डोक्यातून निघाली.

आणि कडक मोट, काळ्या दोऱ्याची.

दोन वर्षांत अकरा झाल्या. अण्णा म्हणायचे, "लई झाल्यात रं." मी म्हणायचो, दुकानात जितक्या जास्त मांडल्या तितकं मोटेचं नाव जास्त. हे माझं तेव्हाचं शहाणपण. सुपांवरच्या बाया मात्र वैतागल्या होत्या. सकाळी तांबडा दोरा, दुपारी हिरवा, मधेच कुणीतरी येऊन सांगणार की पांढरा संपलाय, आता पांढरा वळा. पानं कापायचे साचे तीन झाले. भट्टीवर हिरव्या बंडलात काळ्या दोऱ्याची बिडी निघायची. मी आरडाओरडा करायचो. चूक माझी, ओरडा त्यांना.

मग एका पावसाळ्यात अणदूरच्या दुकानदारानं आमचा माल परत आणला.

हा माणूस आमचा सगळ्यात जुना. त्याला मी मामा म्हणायचो. लठ्ठ, शांत, बोलता बोलता कानडीत घसरणारा. तो स्वतः बैलगाडीतून आला आणि एक टोपली अण्णांच्या पुढं ठेवली. आत शाही, पांढऱ्या, हिरव्या, जोड, सगळ्यांची बंडलं. ओल धरलेली, काहींवर बुरशी.

"खपत न्हायत," मामा म्हणाला. "एकेकीचं बंडल उघडायचं, दोन बिड्या इकायच्या, बाकीच्या पावसात सादळत्यात. म्या किती ठेवू? माज्या दुकानात मीठमिरची बी ठेवायची हाय."

अण्णा म्हणाले, "मग साधी मोट घ्या."

"ती बी न्हाय खपत पैल्यावानी. गेल्या म्हैन्यापासनं सोलापूरची एक बिडी ठेवलीय. एकच हाय, मागितली की देतो, झालं. अण्णा, इसाक वर्सं तुमची मोट इकली, पर पुढल्या आठवड्यापासनं म्या ठेवनार न्हाय."

मामानं ठेवली नाही तर अणदूर गेलं. अणदूर गेलं की जळकोट, उमरग्याच्या वाटेवरची दुकानं, सगळी त्याच्याकडं बघून ठरवायची. मोट छाप गेली तर चाळीस सुपं उलटी होणार, हे अण्णांना कळलं, मलाही कळलं. अण्णांनी मामाकडून दोन बाजार मागून घेतले. दोन बाजार म्हणजे दोन आठवडे. मग माझ्याकडं वळले.

"तू जा. मामाच्या दुकानात बस. काय बी बोलू नको. निस्तं ऐक."

मला बसायला सांगितलं. मला!

बाजाराच्या दिवशी मी मामाच्या दुकानात मिरच्यांच्या पोत्यावर बसलो. पहिला तासभर माझे पाय हलत होते. मग पहिलं गिऱ्हाईक आलं, खांद्यावर घोंगडं.

"दोन मोट द्या."

मामा म्हणाला, "कंची?"

तो माणूस गोंधळला. त्यानं मांडलेल्या बंडलांकडं बघितलं. तांबडा, काळा, हिरवा, पांढरा. "मोट," तो पुन्हा म्हणाला.

"मोटंतली कंची? साधी, कडक, थंड?"

"आधीची."

मामानं तांबडी दिली. त्यानं पेटवली, दोन झुरके मारले आणि तोंड वाकडं केलं. "ही न्हाय." मग मामानं काळी दिली. ती पेटवून तो खोकला. "असू द्या, त्यी सोलापूरची द्या." सोलापूरची देताना मामाला काहीच विचारावं लागलं नाही.

दिवसभर हेच. मोट मागायची, मामानं कंची विचारायचं, माणूस बंडलांकडं बघत उभा राहायचा. एक म्हातारा तर रागावला, "बिडी मागितलीय, पोरगी न्हाय बगायला आलो," असं म्हणून निघून गेला. मला दर वेळी उठून सांगावंसं वाटायचं, अहो ही घ्या, ही चांगली आहे. पण अण्णांनी बोलायचं नाही सांगितलं होतं. लवंगी चारदा गेली. ज्यांनी ती घेतली त्यांनी मोट मागितलीच नाही. "लवंगवाली द्या" म्हणाले. हे ऐकून मला आनंद व्हायला पाहिजे होता, पण झाला नाही.

परत आल्यावर मी अण्णांना जसंच्या तसं सांगितलं. दुकानदार कंची म्हणून विचारतो तिथंच आपला माणूस हातातून जातो, हे माझ्याच तोंडून निघालं. पण एक गोष्ट सांगितली नाही. त्या घोंगडंवाल्यानं तांबडी परत केली, एवढं सांगितलं. का केली, हे मला ठाऊक होतं, ते गिळलं.

अण्णांनी दुसऱ्या दिवशी खालाला बोलावलं. अकरा जातींच्या बिड्यांचे दोरे सोडून त्यांना एकाच रंगाचा कच्चा दोरा बांधला, ताटात अकरा ढिगल्या केल्या आणि कुठली कुठली ते कळावं म्हणून प्रत्येकीखाली ज्वारीचे दाणे ठेवले, एक ते अकरा. लांब आणि आखूड सगळ्या कापून सारख्या केल्या. खालानं पाठ करून बसायचं, अण्णा एकेक देणार, तिनं ओढून सांगायचं. एका दिवशी तीनच. चौथी ओढली की जीभ मरते, असं ती म्हणाली. मधे तोंड धुवायचं आणि कोरडी भाकर चावायची. चार दिवस लागले. ते चार दिवस मी छपरात या टोकापासून त्या टोकापर्यंत चकरा मारत होतो. सुपांवरच्या बाया मला बघून हसत होत्या.

चार दिवसांनी ताटात काय उरलं? हिरवी, पांढरी, शाही, जोड, धाकटी आणि साधी या सहांत खालाला काडीचा फरक सापडला नाही. सापडणार कसा, तंबाखू एकच होता. बाकीच्यांत थोडा थोडा. लवंगी वेगळी, कडक वेगळी.

"आनि साधी कंची, सांगा," अण्णा म्हणाले. "आपली जुनी मोट."

खाला वळून बसली. तिनं आधी ताटाकडं बघितलं, मग माझ्याकडं. "जुनी मोट यात न्हाय, बेटा," ती अण्णांना म्हणाली. "एक बी न्हाय."

अण्णा हसले. म्हाताऱ्या माणसांना जुनं सगळं चांगलंच वाटतं, असं त्यांना वाटलं असावं. मी मात्र भट्टीकडं काही काम असल्यासारखा निघून गेलो.

आता सांगतो. कडक मोट काढली तेव्हा मी ती पहिल्यांदा दुकानात दिली आणि दुकानदार म्हणाला, "नुसता दोरा बदललाय, चव तीच हाय." मला झोंबलं. खरंच होतं, जुनी मोट स्वतःच कडक होती, त्यापेक्षा कडक कशी करणार? मी नुसता निपाणीचा तंबाखू भरून बघितला, तर घसा ओरबाडायचा, हलक्या पानाची गोडी त्यात नव्हती. तरी ती तशीच ठेवली. आणि फरक दिसावा म्हणून दुसरीकडनं सोपं केलं: साधी मोट हलकी करून टाकली. खालाला सांगितलं, आजपासून साधीत निपाणीचा एक वाटा, हलका दोन वाटे. अण्णांचा हुकूम आहे म्हणून सांगितलं. मग हिरवी, पांढरी, सगळ्या त्याच मिसळीतून निघाल्या. म्हणजे एका कडक बिडीला जागा करून देण्यासाठी मी आमची बिडीच काढून टाकली होती आणि तिच्या दोऱ्यात दुसरंच काहीतरी बांधून दोन वर्षं विकत होतो. आणि त्यावर अण्णांची जीभ म्हणून मान डोलावत होतो.

त्या संध्याकाळी अण्णांनी मला समोर बसवून एकेक बंडल बाजूला काढायला सुरुवात केली.

"माजा हिशोब सोपा हाय," ते म्हणाले. "मोट मागितली आनि ही दिली, तर मानूस परत करंल का? न्हाय करनार, तर ठेवायची. करंल, तर तिच्यावर आपले बैल नकोत."

हिरवी, पांढरी, शाही, जोड लगेच गेल्या; त्या साधीच होत्या, नुसत्या कपडे बदललेल्या. धाकटी ठेवली: तोच तंबाखू, तोच तांबडा दोरा, फक्त आखूड, ती मागणारा माणूस मोटच मागतो, थोडी मागतो एवढंच. कडक गेली. आणखी तीन किरकोळ होत्या, त्याही गेल्या. मग लवंगीवर आले.

"ही खपते," मी आवाज चढवून म्हणालो.

"कोन घेतं?"

"मोटारीवाली पोरं."

"काय म्हनून मागत्यात? मोट का लवंग?"

"लवंग."

"मग मोटंचं नाव कशाला तिच्यावर? बैलाबिगर इकून बग. चालली तर तुजी, म्या आडवा येनार न्हाय."

मी उठून उभा राहिलो, पुन्हा बसलो. लवंगी बैलांशिवाय चालेल का याची मला खात्री नव्हती, आणि ही खात्री नाही हे अण्णांना कळू नये असं वाटत होतं. "नको," म्हणालो. मला फार राग आला होता. अण्णांचा नाही, त्यांचं बरोबर होतं म्हणून जास्त आला होता.

पुढचं त्यांनी बारकाईनं ठरवलं. नऊ जाती वळायच्या बंद, पण दुकानातला माल फेकायचा नाही. जिथं बंडल उघडलेलं आहे तिथं ते बदलून तांबडं द्यायचं, दोन बाजारांच्या आत सगळं उचलायचं, म्हणजे दुकानात उगीच जुनी-नवी सरमिसळ नको. आणि कुणी हिरवी किंवा कडक मागितली तर दुकानदारानं काय म्हणायचं तेही: "मोट एकच हाय, आखूड पायजे का साधी?" एवढंच, जास्त नाही. त्याखेरीज सोलापूरच्या छापखान्यातले लेबलं छापायचे दगड पुसून टाकायचे. "दगड राह्यला की कुनीतरी परत छापतंय," ते म्हणाले. कुणीतरी म्हणजे मी.

दगड पुसायला मीच गेलो. कोळशाच्या गॅसवर चालणारी मोटार, मागं धुरकट टाकी, चढाला खाली उतरून ढकलायची. छापखान्यात एका माणसानं दगडावर वाळू आणि पाणी टाकलं आणि दुसरा दगड त्यावर गोल गोल फिरवू लागला. शाहीच्या सोनेरी कडा गेल्या, मग बैल गेले. लवंगीचा दगड घेतला तेव्हा मी बाहेर जाऊन उभा राहिलो. आतली घरघर बाहेरही ऐकू येत होती. येताना निजामाच्या हद्दीवर करोडगिरीच्या, म्हणजे जकातीच्या, नाक्यावर शिपायानं माझी पिशवी उलटी केली. आत फक्त तांबड्या मोटेची लेबलं. "इतनीच?" त्यानं विचारलं. इतकीच, म्हणालो.

वाटभर मला एकच डाचत होतं. दहा-बारा दिवस खपून आम्ही आजूबाजूचं सगळं काढून टाकलं, आणि मधे राखून ठेवलं ते पोकळ होतं. आता लोकांना दोष द्यायलाही दुसरी बिडी उरली नव्हती. आधी निदान माणूस म्हणायचा, मला चुकीची दिली. आता तो म्हणणार, मोटच वाईट.

मामानं दिलेल्या मुदतीतला दुसरा बाजार आला. सकाळी पूजा आटोपून अण्णा स्वतः अणदूरला निघाले. ते कधी माल घेऊन जात नसत. दोन टोपल्या तांबड्या मोटेच्या भरल्या होत्या. त्यांनी डोक्याला रुमाल बांधला आणि सुपांवरच्या बायांना ऐकू जाईल असं म्हणाले, "मामाला सांगतो आज. आनि त्याच्या दुकानाम्होरं जेवढे उभे असतील तेवढ्यास्नी बी. जुनी मोट परत आली. हीच ती, म्या जबान देतो."

जबान. अण्णांनी आयुष्यात ती फार थोड्या वेळा दिली होती.

मी म्हणालो, "अण्णा, नका जाऊ."

"का?"

"ही जुनी मोट नाही."

ते थांबले. मी सगळं सांगितलं, तिथंच, टोपल्यांच्या मधे उभा राहून. बायांचे हात थांबले होते. मी बोलत असताना अण्णांनी रुमाल सोडला आणि हातात गुंडाळला. मला वाटलं मारतील. मारलं असतं तर बरं झालं असतं.

मग त्यांनी एकच विचारलं. "खालाला कुनाचा हुकूम म्हनून सांगितलंस?"

"तुमचा."

"माजा," ते म्हणाले. आणि ते तंबाखूच्या खोलीत गेले.

मी मागोमाग दारापर्यंत गेलो. खाला पोत्याजवळ बसली होती. अण्णांनी तिच्यासमोर उकिडवं बसून विचारलं की तुम्ही मला हे आधीच का बोलला नाहीत. ती म्हणाली, "मालक, म्या दोन सालापासनं मन मारून मिसळतेय. मला वाटलं तुमालाच पायजे असं. मालकानं सांगितल्यावर म्या कसं म्हनू की तुमची बिडी बिगडली?" तिच्या डोळ्यांत पाणी आलं. अण्णांनी तिला हात जोडले. मी दारातून बाजूला झालो. आयुष्यात इतकी लाज मला पुन्हा कधी वाटली नाही.

त्या दिवशी अणदूरला कुणी गेलं नाही. भरलेल्या दोन्ही टोपल्या उघडल्या, एकेक बिडी सोडून पान वेगळं, तंबाखू वेगळा केला. ते काम बायांनीच केलं. एकीनंही मला टोमणा मारला नाही, तेच जास्त लागलं. खालानं नव्यानं दोन वाटे आणि एक वाटा मिसळलं, दम दिला, उलटवलं. अण्णांनी मामाकडं माणूस पाठवून आणखी एक बाजार मागितला. मामानं तो दिला, पण निरोप पाठवला की आता शेवटचा.

तो आठवडा मी झोपलो कमी आणि चाललो जास्त. पुढच्या बाजाराला अण्णांनी मला बरोबर घेतलं. एक टोपली त्यांच्या डोक्यावर, एक माझ्या. आम्ही पायी गेलो. वाटेत ते पिकांबद्दल बोलले, एका ओढ्याला पाणी किती चढलं होतं ते बोलले.

मामाच्या दुकानासमोर नेहमीचीच गर्दी. अण्णांनी टोपली उतरवली, मांडलेल्या सगळ्या जातींची बंडलं उचलून पोत्यात भरली आणि तिथं फक्त तांबडी ठेवली, साधी आणि आखूड. उभे असलेले लोक बघत होते. त्यांत तो घोंगडंवालाही होता, त्यानंच विचारलं, "मधी काय झालं व्हतं वो मोटंला?"

मी टोपली खाली ठेवली, पुढं झालो, तोंड उघडलं.

अण्णा माझ्या आधी बोलले. "म्या बिगडवली व्हती. हलका तंबाखू जास्ती घातला, आनि धा जाती काढल्या. चूक माजी. आता पैली हाय तशी केलीय. वडून बगा, न्हाय आवडली तर मामाकडं फेका."

न ओढणाऱ्या माणसानं चारचौघांत हे कबूल केलं. मी "नाही, मी" एवढं म्हणालो असेन; अण्णांनी माझ्याकडं न बघता म्हटलं, "तू टोपली धर." मी टोपली धरली. घोंगडंवाल्यानं बिडी पेटवली, अर्धी संपवली आणि आणखी दोन घेऊन कानावर खोचल्या. मामानं कुणालाही कंची म्हणून विचारलं नाही. दुपारपर्यंत एक टोपली रिकामी झाली. मोट अणदूरला राहिली.

परतताना मला राहवलं नाही. मी विचारलं, "माझं नाव का नाही घेतलं?"

अण्णा रिकामी टोपली काखेत मारून चालत होते. "तुजं नाव घेतलं असतं, तर उद्या बाजारात तुज्या शब्दाला कोनी इचारलं असतं?" ते म्हणाले. "माजं काय, माजं वय झालं. तुला अजून लई धंदा करायचा हाय."

मला रडू कोसळलं, आणि रडू आलं याचाही राग आला. मी चाल वाढवली आणि नळदुर्गची वेस येईपर्यंत त्यांच्यापुढंच चालत राहिलो, म्हणजे त्यांना माझं तोंड दिसू नये.